‘व्हीपीएन चालत नाही’ एवढ्याने भागत नाही

बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या पट्ट्यात घरी बसून पुण्या-मुंबईच्या किंवा बेंगळुरूच्या कंपनीचे काम करणारी तरुण मंडळी आता नवलाची राहिलेली नाहीत. मार्च २०२० च्या टाळेबंदीत लॅपटॉप घेऊन गावी आलेल्यांपैकी काही जण परतले, काही जण इथूनच काम करीत राहिले. कंपनीच्या कार्यालयात बसलेल्या माणसाला जे सहज उघडते, ते यांना उघडावे लागते व्हीपीएनमधून, म्हणजे सार्वजनिक इंटरनेटमधून काढलेल्या एका कुलूपबंद बोगद्यातून. हा बोगदा बंद पडला की त्या दिवसाचे काम थांबते. मग कंपनीच्या हेल्पडेस्कला निरोप जातो, आणि तो बहुधा एका ओळीचा असतो : ‘व्हीपीएन चालत नाही, कृपया लवकर पाहावे.’

या एका ओळीला हेल्पडेस्कचे उत्तरही ठरलेले असते. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करा, इंटरनेट तपासा, स्क्रीनशॉट पाठवा. ही उत्तरे आळसातून आलेली नसतात. बेंगळुरूत बसलेल्या तंत्रज्ञाला निपाणीतला लॅपटॉप, तिथला राउटर आणि तिथला मोबाइल मनोरा यांपैकी काहीच दिसत नाही. त्याला दिसते ती फक्त बोगद्याच्या कंपनीकडील तोंडाची नोंदवही. तिच्यात नेमके कुठे पाहायचे, हे निरोपातून कळले नाही, तर तो प्रश्न विचारणार. प्रत्येक प्रश्नोत्तरात अर्धा-पाऊण तास जातो आणि चार प्रश्नांत दुपार उलटते. पुट्टी या प्रसिद्ध प्रणालीचे कर्ते सायमन टॅथम यांनी दोष कळवावा कसा यावर १९९९ मध्ये एक निबंध लिहिला होता. दुरुस्त करणाऱ्याला दोष स्वतःच्या डोळ्यांनी पाहता आला पाहिजे, आणि ते शक्य नसेल तर निदान तो कसा घडतो हे नेमके कळले पाहिजे, असा त्याचा रोख आहे. व्हीपीएनच्या बाबतीत पहिली वाट बहुतेक बंदच असते, कारण दुरून लॅपटॉप पाहण्याची सोयही अनेकदा त्याच व्हीपीएनमधून येते. उरतो तो लिहिलेला निरोप.

निरोप लिहिण्यापूर्वी एक गोष्ट समजून घेतली, तर त्यात काय असावे हे वेगळे पाठ करावे लागत नाही. व्हीपीएनची जोडणी चार टप्प्यांनी होते. प्रथम लॅपटॉपला इंटरनेट मिळते. नंतर तो कंपनीच्या प्रवेशद्वाराचा, म्हणजे गेटवेचा पत्ता शोधून तिथपर्यंत पोहोचतो. तिसऱ्या टप्प्यात ओळख पटवली जाते : वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड, मोबाइलवर येणारा ओटीपी, काही ठिकाणी लॅपटॉपमधले प्रमाणपत्र. चौथ्या टप्प्यात बोगदा तयार होतो आणि त्यातून माहितीची ये-जा सुरू होते. दोष यांपैकी कोणत्या टप्प्यावर आहे, हे निरोप वाचताच कळले पाहिजे. दुसऱ्या टप्प्याचा दोष नेटवर्क पाहणाऱ्याकडे जातो, तिसऱ्याचा खाती सांभाळणाऱ्याकडे. ‘चालत नाही’ हे चारही टप्प्यांना सारखेच लागू पडते, म्हणून ते निरुपयोगी ठरते.

टप्पा ओळखण्याचे सर्वांत खात्रीचे साधन पडद्यावरच असते, ते म्हणजे चुकीचा संदेश आणि त्याचा क्रमांक. विंडोजच्या अंगभूत व्हीपीएनमध्ये 868 हा क्रमांक आला, तर प्रवेशद्वाराच्या नावावरून त्याचा पत्ताच सापडलेला नाही. 809 आला, तर प्रवेशद्वाराकडून उत्तर येत नाही. वाटेतला एखादा राउटर किंवा अग्निभिंत व्हीपीएनची वाहतूक अडवत असण्याची शक्यता मोठी. 691 आला, तर वाट मोकळी आहे, पण नाव-पासवर्ड स्वीकारला गेलेला नाही. तिन्ही प्रसंगी वापरणाऱ्याच्या दृष्टीने ‘व्हीपीएन लागत नाही’ एवढेच घडलेले असते, पण इलाज तीन वेगवेगळ्या माणसांच्या हातात असतो. म्हणून संदेश आहे तसा, इंग्रजी शब्द न बदलता उतरवावा. ‘काहीतरी सर्व्हरचा प्रॉब्लेम दाखवतो’ हा त्याचा सारांश कामाचा नाही. स्क्रीनशॉट जरूर जोडावा, पण संदेश टंकूनही द्यावा, कारण तंत्रज्ञ जुन्या तक्रारींत तोच मजकूर शोधतो आणि चित्रातली अक्षरे शोधात सापडतीलच असे नाही.

संदेशाइतकीच महत्त्वाची आहे वेळ, आणि तीच बहुतेक निरोपांत नसते. ‘सकाळपासून’ हा शब्द नोंदवही उघडून बसलेल्या माणसाला काही सांगत नाही. प्रवेशद्वारावर एका मिनिटात शेकडो नोंदी पडू शकतात. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या संगणकप्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपायच्या असतात आणि घड्याळे प्रमाणवेळेशी जुळवून ठेवायची असतात. म्हणजे नोंद असते. ती शोधायला मिनिट हवे असते. यात एक खाच आहे. पुष्कळ यंत्रांच्या नोंदी भारतीय वेळेत नसून जागतिक प्रमाणवेळेत असतात, आणि ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. निपाणीत सकाळी १०.४२ ला झालेला प्रयत्न नोंदवहीत 05:12 या वेळेखाली सापडतो. म्हणून निरोपात ‘भारतीय वेळ’ हे दोन शब्द वेळेपुढे लिहावेत, विशेषतः हेल्पडेस्क परदेशातून चालत असेल तर. आणि लिहिण्याआधी एकदा मुद्दाम प्रयत्न करून त्याचे मिनिट टिपून घ्यावे. आठवणीतल्या वेळेपेक्षा घड्याळात पाहून लिहिलेली वेळ बरी.

तिसरी गोष्ट म्हणजे तुलना. लॅपटॉप घरच्या ब्रॉडबँडवर असताना व्हीपीएन लागत नसेल, तर तोच लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडून पाहावा. दोन मिनिटांच्या या प्रयोगाने अर्धे निदान होते. हॉटस्पॉटवर व्यवस्थित चालले, तर खाते, पासवर्ड, लॅपटॉप आणि कंपनीचे प्रवेशद्वार हे सगळे ठीक असून दोष घरच्या वाटेवर आहे. दोन्हीकडे तोच संदेश आला, तर दोष लॅपटॉपमध्ये, खात्यात किंवा कंपनीकडे. एखाद्या सहकाऱ्याला फोन करून त्याचे चालते का, हे विचारून घेतले तर त्यातली कंपनीकडची शक्यता ठरते किंवा गळते. प्रयोग केला आणि निकाल मात्र लिहिला नाही, असे पुष्कळदा होते. ‘सर्व करून पाहिले’ या वाक्यातून काय केले आणि त्याने काय झाले, यांपैकी काहीच कळत नाही.

हॉटस्पॉटच्या या प्रयोगाला सीमाभागात एक मर्यादा आहे आणि ती बेंगळुरूच्या तंत्रज्ञाला माहीत असण्याचे कारण नाही. मोबाइल सेवेच्या दृष्टीने देश परिमंडळांत वाटलेला आहे. बेळगाव-निपाणी कर्नाटक परिमंडळात येते, कोल्हापूर महाराष्ट्र परिमंडळात. आणि गोव्यासाठी वेगळे परिमंडळ नसून तोही महाराष्ट्र परिमंडळातच मोडतो. राष्ट्रीय महामार्ग ४८ वर कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की थोड्याच अंतरावर कागल लागते. त्या भागातल्या गावांत घराच्या एका खोलीत कर्नाटकातल्या मनोऱ्याचा संकेत जोरकस असतो, तर दुसऱ्या खोलीत महाराष्ट्रातल्या. फोन आपल्या सोयीने एकावरून दुसऱ्यावर उडी मारतो. बोलताना हे कळतही नाही. पण परिमंडळ बदलताना फोनचा इंटरनेटवरचा पत्ता बदलू शकतो, आणि व्हीपीएनचा बोगदा एका ठरावीक पत्त्याशी बांधलेला असेल, तर तो तिथेच तुटतो. काही नव्या प्रणाली पत्ता बदलला तरी बोगदा टिकवून धरतात, सगळ्या धरीत नाहीत.

असे होत असल्याची खूण ठळक असते. व्हीपीएन लागतो, ओळख पटते, काम सुरू होते आणि काही मिनिटांनी तुटतो. पुन्हा जोडला की पुन्हा चालतो. तुटण्याच्या वेळा टिपल्या आणि त्या वेळी फोनच्या वरच्या पट्टीत रोमिंगची खूण उमटते किंवा जाते का, हे पाहिले, तर संशय पक्का होतो. निरोपात मग ‘व्हीपीएन सारखा तुटतो’ असे न लिहिता, ‘मोबाइल हॉटस्पॉटवर ११.०५, ११.१७ आणि ११.२४ ला तुटला. प्रत्येक वेळी फोन रोमिंगवर गेला होता. गाव महाराष्ट्राच्या हद्दीला लागून आहे’ असे लिहावे. फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्कची स्वयंचलित निवड बंद करून एकच जाळे धरून ठेवता येते आणि तेवढ्याने काम भागू शकते. मात्र त्या जाळ्याचा संकेत खोलीत पुरेसा नसेल, तर आगीतून फुफाट्यात पडल्यासारखे होते. अशा गावात तुलनेसाठी हॉटस्पॉटपेक्षा शेजाऱ्याचे ब्रॉडबँड अधिक विश्वासाचे.

हे तीन दोष तरी ढोबळ आहेत. खरी कसोटी लागते ती चौथ्या टप्प्यावरच्या दोषात, कारण तिथे पडद्यावर चुकीचा संदेशच येत नाही. उदाहरणादाखल निपाणीतील एक कर्मचारी घेऊ. कंपनी पुण्याची, काम हिशेबाचे. शुक्रवारपर्यंत सर्व सुरळीत होते. सोमवारी सकाळी व्हीपीएन नेहमीप्रमाणे लागतो, हिरवी खूण येते, अंतर्गत चॅट चालते, लहान मेल उघडतात. पण सामायिक फोल्डरमधली मोठी एक्सेल फाइल उघडायला गेले की गोल चकती फिरत राहते आणि शेवटी वेळ संपते. या तक्रारीचा पहिला निरोप बहुधा ‘व्हीपीएन फार स्लो आहे’ असा जातो, आणि तोच घात करतो. ‘स्लो’ वाचून हेल्पडेस्क इंटरनेटचा वेग मोजायला सांगतो, वेग उत्तम येतो, आणि प्रकरण ‘वापरकर्त्याकडे दोष आढळला नाही’ या शेऱ्यावर येऊन थांबते.

प्रत्यक्षात इथे वेगाचा प्रश्नच नाही. इंटरनेटवर माहिती पाकिटांनी जाते आणि साध्या जाळ्यावर एका पाकिटाचा कमाल आकार १,५०० बाइट असतो. व्हीपीएन प्रत्येक पाकीट कुलूप लावून दुसऱ्या पाकिटात घालतो, त्यामुळे त्याचा आकार वाढतो. ब्रॉडबँडच्या ज्या जोडण्यांत राउटरला स्वतःचे नाव-पासवर्ड देऊन पीपीपीओई पद्धतीने लॉगिन व्हावे लागते, तिथे आणखी ८ बाइट त्या व्यवस्थेत जातात आणि वाट १,४९२ ची उरते. कंपनीने व्हीपीएनची मापे १,५०० धरून काठोकाठ बसवलेली असली, की भरलेली पाकिटे या वाटेत मावत नाहीत. खरे तर अशा वेळी ‘पाकीट मोठे आहे, लहान करून पाठवा’ अशी सूचना परत जायला हवी. पण सुरक्षेच्या नावाखाली वाटेतल्या अग्निभिंती ही सूचनाच पुष्कळदा गिळून टाकतात. मग चॅटची लहान पाकिटे पोहोचतात, फाइलची भरलेली पाकिटे नाहीशी होतात, आणि कोणालाच काही कळत नाही.

या कर्मचाऱ्याने शनिवारी ब्रॉडबँडचा सेवादाता बदलला होता. जुनी जोडणी राउटरच्या लॉगिनशिवाय चालत असे, नवी लॉगिनने चालते. ही गोष्ट त्याला निरोपात लिहिण्याजोगी वाटत नाही, कारण नव्या जोडणीचा वेग जुन्यापेक्षा जास्तच आहे! म्हणूनच ‘शेवटचे व्यवस्थित कधी चालले आणि तेव्हापासून काय बदलले’ या प्रश्नाचे उत्तर, क्षुल्लक वाटले तरी, लिहावेच. नवा राउटर, बदललेला पासवर्ड, विंडोजचे अद्ययावतीकरण, नवे अँटिव्हायरस, हेस्कॉमची वीज जाऊन आल्यावर पुन्हा सुरू झालेला राउटर, यांपैकी काहीही कारण असू शकते.

पाकिटाच्या आकाराचा संशय असेल, तर एक सोपी चाचणी घरीच करता येते. व्हीपीएन तोडून, विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये या दोन ओळी एकेक करून द्याव्यात :

```
ping -f -l 1472 1.1.1.1
ping -f -l 1464 1.1.1.1
```

येथे `-f` म्हणजे पाकीट फोडू नये आणि `-l` पुढचा आकडा म्हणजे आतल्या मजकुराचा आकार. त्यात शीर्षकांचे २८ बाइट मिळवले की पहिले पाकीट १,५०० चे होते, दुसरे १,४९२ चे. पहिल्याला `Packet needs to be fragmented but DF set` किंवा `Request timed out` असे उत्तर आले आणि दुसरे सुखरूप परत आले, तर वाट १,४९२ ची आहे हे सिद्ध झाले. दोन्ही अयशस्वी झाली, तर आकडा थोडा थोडा कमी करीत पहिले यशस्वी माप शोधावे. कोणतेच माप जमले नाही, तर एकदा नुसते `ping 1.1.1.1` देऊन पाहावे. तेही परत येत नसेल, तर त्या जाळ्यावर पिंगच बंद असेल आणि ही चाचणी काही सांगू शकणार नाही. कंपनीने लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट बंद ठेवला असेल, तर तो उघडण्याच्या खटपटी करू नयेत. तसे निरोपात लिहिले की पुरे.

आता तो कर्मचारी पुन्हा निरोप लिहितो. अशा तक्रारी बहुधा इंग्रजीत जातात; तिचा मराठी आशय असा असेल :

‘विषय : व्हीपीएन लागतो, पण मोठ्या फाइल उघडत नाहीत, फक्त घरच्या ब्रॉडबँडवर. आज सोमवार, सकाळी १०.४२ (भारतीय वेळ) ला व्हीपीएन लागला, चुकीचा संदेश नाही. चॅट आणि लहान मेल चालतात. १०.४५ ला सामायिक फोल्डरमधली सुमारे ६ एमबीची एक्सेल फाइल उघडायला घेतली, ती १०.४७ पर्यंत उघडली नाही. तीनदा करून पाहिले, तिन्ही वेळा हेच. १०.५५ ला मोबाइल हॉटस्पॉटवर तीच फाइल लगेच उघडली. त्याच व्हीपीएनवरील पुण्यातील सहकाऱ्याकडेही ती उघडते. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सर्व ठीक होते. शनिवारी घरचा ब्रॉडबँड सेवादाता बदलला, नव्या राउटरला लॉगिन लागते. व्हीपीएन तोडून केलेल्या पिंग चाचणीत 1472 अयशस्वी, 1464 यशस्वी. विंडोज ११, व्हीपीएन प्रणालीची आवृत्ती आणि लॅपटॉपचा क्रमांक खाली दिला आहे. आज सायंकाळी ५ पर्यंत महिन्याचा हिशेब बंद करायचा आहे. तोवर हॉटस्पॉटवर काम चालवीत आहे. १ ते १.३० वगळता फोनवर उपलब्ध आहे.’

हा निरोप वाचणाऱ्याला विचारण्यासारखे फारसे उरत नाही. विषयाच्या ओळीतच टप्पा आणि जागा आली आहे. प्रवेशद्वाराचा तज्ज्ञ पिंगचे दोन आकडे पाहताच या वापरकर्त्याच्या व्हीपीएन जोडणीचा कमाल आकार, म्हणजे एमटीयू, कमी करायचे ठरवतो. १,३०० हे त्यासाठी पुरेसे सुरक्षित माप आहे. पाकिटे थोडी लहान होतात, वेगात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. निरोपातले शेवटचे वाक्यही शोभेसाठी नाही. ‘अत्यंत तातडीचे’ असा शेरा हेल्पडेस्ककडे दिवसभरात अनेक तक्रारींवर येतो; कोणते काम कधीपर्यंत अडले आहे आणि तोवर दुसरी सोय आहे की नाही, यावरून खरी निकड ठरते. सोय आहे, हे लपवू नये. फोनची वेळ देण्याचे कारण साधे आहे : कंपनीचा मेल व्हीपीएनशिवाय उघडत नसेल, तर हेल्पडेस्कचे मेलवरचे उत्तर बंद दारामागेच पडून राहणार.

काही गोष्टी निरोपात मुळीच नकोत. पासवर्ड आणि ओटीपी कधीही लिहू नये. खऱ्या हेल्पडेस्कला त्यांची गरज नसते, आणि कोणी मागितलेच तर तो हेल्पडेस्क नव्हे असे समजावे. व्हीपीएन प्रणालीची नोंदफाइल जोडणे उपयोगी ठरते, पण तिच्यात वापरकर्त्याचे नाव आणि प्रवेशद्वाराचा पत्ता असतो, म्हणून ती अधिकृत तिकिटालाच जोडावी, सहकाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू नये. निदानाबद्दलचा स्वतःचा तर्क लिहायला हरकत नाही, मात्र तो लक्षणांनंतर आणि तर्क म्हणूनच लिहावा. ‘एमटीयूचा प्रॉब्लेम आहे, दुरुस्त करा’ एवढेच लिहिणाऱ्याचा तर्क चुकला, तर हेल्पडेस्क सुरुवातीलाच चुकीच्या वाटेला लागतो. आणि निरोप गेल्यावर उत्तर येईपर्यंत राउटर बदलणे, प्रणाली काढून पुन्हा बसवणे असले उद्योग टाळावेत. त्याने दोष गेला, तरी कशाने गेला ते कळत नाही. नाही गेला, तर निरोपातली माहिती जुनी होते.

‘झाले का?’ असे हेल्पडेस्कने विचारले की घाईने होकार देऊन तिकीट बंद करण्याचा मोह होतो. त्याआधी हॉटस्पॉट बंद करून, लॅपटॉप पुन्हा सुरू करून, घरच्या ब्रॉडबँडवरच व्हीपीएन लावावा आणि सकाळी अडलेली तीच फाइल उघडून पाहावी. व्हीपीएन जोडलेला असताना पुढची आज्ञा दिली, तर त्याच्या नावापुढचा एमटीयूचा आकडा दिसतो :

```
netsh interface ipv4 show subinterfaces
```

हा आकडा तिकिटाच्या शेवटच्या उत्तरात नोंदवून ठेवावा. व्हीपीएन प्रणालीची नवी आवृत्ती आली की असे बदल पुसले जाऊ शकतात, आणि चार महिन्यांनी तीच चकती पुन्हा फिरू लागली, तर जुन्या तिकिटाचा क्रमांक आणि हा आकडा एवढे दोनच तपशील नव्या निरोपात पुरतात.